कंपनीच्याच कमाईतून कंपनी विकत घ्यायची: मकरपुऱ्यातला एक हिशेब

फोर्जवाला_मकरपुरा

नमस्कार मंडळी. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या एका फोर्जिंग कंपनीत मी १९ वर्षं काम करतोय, गेली सात वर्षं कारखाना मीच सांभाळतो. आम्ही फ्लँज आणि व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवतो. शेठ आता ६८ वर्षांचे आहेत, दोन्ही मुलं परदेशात स्थायिक झालीत. दिवाळीनंतर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सरळ विचारलं, "बाहेरच्याला देण्यापेक्षा तूच का घेत नाहीस?"

किंमत ३० कोटी. मी, माझे मेहुणे आणि मशीनिंगचा धंदा असलेले एक स्नेही मिळून ९ कोटी उभे करू शकतो, आणि त्यात माझं वाघोडिया रोडचं घर विकणंही आलं. एका सल्लागाराने मार्ग सुचवला तो असा: आम्ही नवी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची, तिने एका एनबीएफसीकडून, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थेकडून, १५ कोटी १३ टक्क्यांनी सहा वर्षांसाठी घ्यायचे, उरलेले ६ कोटी शेठना दोन वर्षांनी द्यायचे. जुन्या कंपनीचे सगळे शेअर नवी कंपनी विकत घेईल आणि कर्ज जुन्या कंपनीच्या कमाईतून फिटेल. याला लिव्हरेज्ड बायआउट म्हणतात असं तो म्हणाला.

त्याच्या तक्त्यात विक्री ४० कोटी, व्याज, घसारा आणि कर धरायच्या आधीची कमाई ६ कोटी. पहिल्या वर्षी मुद्दल अडीच कोटी आणि व्याज १ कोटी ९५ लाख, म्हणजे ४ कोटी ४५ लाख द्यायचे. सहातून साडेचार गेले, दीड कोटी हातात. कागदावर छान दिसतं, पण कर्ज घेणार नवी कंपनी आणि कमावणार जुनी. मग फेडणार कोण, आणि कसं? हे मला अजून नीट उलगडत नाही.

दांडियाबाजारकर

अभिनंदन दादा! यात अवघड काही नाही. रिक्षा हप्त्यावर घेतो ना माणूस? रोजच्या भाड्यातून हप्ता जातो, उरेल ते घरखर्चाला, पाच वर्षांनी रिक्षा आपली. इथे रिक्षाच्या जागी कारखाना. गहाण काय ठेवायचं, तर कारखान्याची मशिनरी. टाटा टीने २००० साली ब्रिटनमधली टेटली अशीच घेतली. टेटली त्यांच्यापेक्षा मोठी होती, तरीही घेतली. स्वतःचे पैसे थोडे आणि बाकी सगळं कर्ज टेटलीच्या जिवावर. तुम्ही ९ कोटी घालताय, म्हणजे धोका तेवढाच.

माई_सूरसागर

मला यातलं फार कळत नाही, पण काळजी वाटली म्हणून लिहिते. माझ्या भाच्याने ब्रोकरकडून उधारी घेऊन शेअर घेतले होते. भाव पडला तसा ब्रोकरने आणखी पैसे मागितले, आणि ते भरता न आल्यावर शेअर परस्पर विकून टाकले. कर्ज काढून शेअर घेऊ नयेत असंच मी म्हणेन. घर विकून तर नकोच.

फोर्जवाला_मकरपुरा

माई, तुमची काळजी पोचली. हे शेअर बाजारातले शेअर नाहीत. अख्खी कंपनीच घ्यायची आहे आणि तिला बाजारभाव असा नाही. पण घराचा मुद्दा मलाही रात्री झोपू देत नाही.

हिशेबनीस_सयाजीगंज

मी एका बँकेत कर्ज मंजुरीच्या विभागात पंचवीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. माईंचं म्हणणं वाटतं तितकं अस्थानी नाही. फरक एवढाच की ब्रोकर भाव बघतो आणि इथे सावकार दर तिमाहीला तुमची रोकड बघेल. कर्ज देताना तो काही अटी घालतो, म्हणजे कमाई हप्त्याच्या इतके पट राहिलीच पाहिजे वगैरे. एकही हप्ता चुकला नसला तरी ती अट मोडली की तो दारात उभा राहू शकतो.

रिक्षाची उपमा अर्धीच लागू पडते. रिक्षावाल्याला भाडं रोख मिळतं, तुम्हाला मिळतं का? म्हणून आधी एवढं सांगा: माल पाठवल्यावर पैसे किती दिवसांनी येतात? सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडे विक्रीचा किती वाटा आहे? फर्नेस, हॅमर आणि डाय चालू अवस्थेत ठेवायला वर्षाला किती लागतात? नवीन मशीन नको, आहे तेच चालू ठेवायचा खर्च विचारतोय. आणि सीसीवर, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट उचलीवर, व्याज किती जातं?

फोर्जवाला_मकरपुरा

येणी सरासरी ११० दिवस. सर्वांत मोठं गिऱ्हाईक विक्रीच्या निम्म्याहून थोडं जास्त घेतं. फर्नेसचं लायनिंग, हॅमरची दुरुस्ती, डाय असं सगळं धरून दरवर्षी ८० लाख घालावेच लागतात. सीसीचं व्याज ४० लाख. घसारा १ कोटी. आणि गेली तीन वर्षं माल आणि येणी यांत सरासरी ५० लाख जास्तीचे अडकत गेलेत.

हिशेबनीस_सयाजीगंज

आता सल्लागाराचा तक्ता बाजूला ठेवू.

६ कोटींतून घसारा १ कोटी आणि सीसीचं व्याज ४० लाख वजा केलं की करपात्र नफा ४ कोटी ६० लाख. त्यावर साधारण २५ टक्के कर, म्हणजे १ कोटी १५ लाख. घसारा फक्त कर मोजण्यापुरता वजा केला, कारण त्यात रोख बाहेर जात नाही. पुन्हा ६ कोटींवर या आणि खरोखर बाहेर जाणारे पैसे काढा: सीसीचं व्याज ४० लाख, कर १ कोटी १५ लाख, कारखाना चालू ठेवायचे ८० लाख, मालात आणि येण्यांत अडकणारे ५० लाख. उरतात ३ कोटी १५ लाख.

कर्ज याच पैशातून फिटणार, आणि तुम्हाला पहिल्या वर्षी हवेत ४ कोटी ४५ लाख. पहिल्याच वर्षी १ कोटी ३० लाखांचं भगदाड. शेठचे ६ कोटी अजून यात आलेलेच नाहीत. सल्लागाराने ६ कोटी ही हातात येणारी रोकड धरली. ती रोकड नाही. तिच्यावर सरकारचा, फर्नेसचा आणि गिऱ्हाइकाच्या उधारीचा हक्क तुमच्या सावकाराच्या आधी आहे.

आता उलट बाजूने येऊ. ३ कोटी १५ लाख असतील तर वर्षाचा हप्ता सव्वादोन कोटींच्या वर नको, म्हणजे उरणारी रोकड हप्त्याच्या १.४ पट राहील. १३ टक्क्यांनी सात वर्षांत समान हप्त्यांनी फेडलं तर सव्वादोन कोटींत साधारण १० कोटींचं कर्ज बसतं. पंधरा नाही.

दांडियाबाजारकर

म्हणजे टाटांना जमलं आणि इथे जमत नाही? टेटलीला असं काय वेगळं होतं?

हिशेबनीस_सयाजीगंज

बरंच वेगळं होतं. टेटलीची किंमत २७ कोटी १० लाख पौंड होती आणि त्यात टाटांनी भांडवल म्हणून ७ कोटी पौंड घातले. ब्रिटनमध्येच एक खास कंपनी काढली आणि तिने कर्ज घेतलं. सावकारांचा हक्क टेटलीच्या मालमत्तेवर आणि कमाईवर होता. हप्ते थकले असते तरी भारतातल्या टाटा टीच्या दारात कोणी येऊ शकत नव्हतं. शिवाय टेटली म्हणजे रोजच्या चहाचा नावाजलेला ब्रँड. चहा मंदीतही प्यायला जातो, त्यामुळे पुढच्या वर्षीचा अंदाज बराच जवळचा निघतो. तरीही ते कर्ज जड गेलं आणि पुढे त्याची फेरबांधणी करावी लागली.

"धोका ९ कोटींपुरताच" हे तुमचं म्हणणं इथे चालणार नाही. आपल्याकडे एवढ्या आकाराच्या व्यवहारात एनबीएफसी तिन्ही भागीदारांची वैयक्तिक हमी मागितल्याशिवाय सहसा राहत नाही. हमीवर सही झाली की कारखाना बुडाल्यावरही देणं तुमच्या अंगावर राहतं.

आणि मशिनरी गहाण ठेवण्याबद्दल. कंपनी पब्लिक लिमिटेड असती तर तिचेच शेअर घेण्यासाठी तिची मालमत्ता तारण देणं कंपनी कायद्याच्या कलम ६७ ने बंद आहे. तुमची प्रायव्हेट आहे म्हणून ते कलम आड येत नाही, पण संचालकांचं हित असलेल्या दुसऱ्या कंपनीला कर्ज किंवा हमी देण्यावर कलम १८५ ची बंधनं आहेतच. मशिनरीवर सीसी देणाऱ्या बँकेचाही बोजा असेल. तिच्या ना-हरकतीशिवाय दुसऱ्याला तारण देता येणार नाही.

फोर्जवाला_मकरपुरा

साहेब, माझा मूळ प्रश्न राहिला. पैसा जुन्या कंपनीतून नव्या कंपनीत कसा जातो?

हिशेबनीस_सयाजीगंज

सरळ वाट लाभांशाची. जुनी कंपनी कर भरून उरलेल्यातून लाभांश देते, नवी कंपनी त्यातून हप्ता भरते. पण तो लाभांश नव्या कंपनीचं उत्पन्न धरला जातो आणि त्यावर पुन्हा कर लागतो. तो पुढे तिच्या भागधारकांना वाटला तर सूट आहे, तुम्ही मात्र तो हप्त्याला देणार. त्या उत्पन्नातून कर्जाचं व्याज वजा करायलाही जवळजवळ वाव नाही. म्हणजे ३ कोटी १५ लाखांपैकी चौथा हिस्सा वाटेतच गेला, उरले २ कोटी ३६ लाख. सव्वादोन कोटींचा हप्ता गेला की हातात ११ लाख. एखादा हॅमर बिघडला तर तेवढेही पुरत नाहीत.

म्हणून जाणकार लोक शेअर घेतल्यावर दोन्ही कंपन्या एकत्र करतात. पूर्ण मालकीची उपकंपनी तिच्या मालक कंपनीत विलीन करायला कलम २३३ ची तुलनेने छोटी वाट आहे, तीत न्यायाधिकरणाकडे जावं लागत नाही. विलीन झाल्यावर कर्ज आणि कमाई एकाच वहीत येतात. लाभांशाचा प्रश्न उरत नाही आणि व्याज नफ्यातून वजा करण्याचा दावा करता येतो. १० कोटींवर पहिल्या वर्षी साधारण १ कोटी ३० लाख व्याज, म्हणजे करात ३२ लाखांच्या आसपास वाचतील. पण हे कर्ज मुळात शेअर घ्यायला काढलं होतं म्हणून आयकर अधिकारी ही वजावट अडवू शकतो. यावर वाद होतात. चांगला सीए गाठा आणि ती वजावट न धरताही हिशेब बसतो का ते बघा.

एमएसयू_कॉमर्स

मी वित्त शिकलोय आणि सध्या मुंबईत एका फंडात आहे. काकांचा हिशेब बरोबर आहे, पण फार घट्ट धरलाय. कमाईच्या पाच पट किंमत ही काही जास्त नाही. अशा व्यवहारात घेणारा विक्री वाढवतो. दादांना कारखाना आतून माहीत आहे, ४० कोटींची विक्री दोन वर्षांत ४८ झाली तर हप्त्याचा ताण आपोआप हलका होईल.

हिशेबनीस_सयाजीगंज

बाळ, या धंद्यात वाढही पैसा खाते. येणी ११० दिवस, वर तयार माल आणि कच्चं पोलाद पडून, त्यातून पुरवठादारांची उधारी वजा केली तर एक कोटीची जास्त विक्री साधारण ३५ लाख अडकवते. ८ कोटी वाढले की २ कोटी ८० लाख अडकले. कच्चा माल, वीज, मजुरी वजा जाता जास्तीच्या विक्रीवर ३५ टक्के सुटतात असं धरू, म्हणजे कमाईही तेवढीच वाढली, २ कोटी ८० लाख. त्यातून कर गेला की २ कोटी १०. म्हणजे विक्री वाढत असताना, ज्या काळात हप्ता सर्वांत जड असतो नेमका तेव्हाच, रोकड ७० लाखांनी कमी पडते. वाढ थांबल्यावर मग सुटते.

एमएसयू_कॉमर्स

मान्य, पण वाढीबरोबर सीसीची मर्यादाही वाढते. अडकलेल्या रकमेचा मोठा भाग बँक देते. तुम्ही सगळा भार रोकडीवर टाकलात.

हिशेबनीस_सयाजीगंज

हे तुझं बरोबर, तेवढं मी धरलं नव्हतं. पण सीसी वाढवायला बँक पुन्हा ताळेबंद मागणार आणि तिला त्यात १० कोटींचं नवं कर्ज दिसणार. काही बँका देतात, काही हात आखडतात. मी दोन्ही पाहिलंय. यावर आपलं एकमत होईल असं वाटत नाही.

पोर_रोडचा_सप्लायर

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आमचं कास्टिंगचं छोटं युनिट आहे. आमचं एक मोठं गिऱ्हाईक बाहेरच्या लोकांनी असंच कर्जावर घेतलं होतं. नाव लिहीत नाही. बातम्या नंतर आल्या, आम्हाला आधी कळलं. ४५ दिवसांनी येणारे पैसे ६०, मग ९० दिवसांनी यायला लागले. पर्चेसचा माणूस फोन उचलेना. कर्जाचा हप्ता ते आमच्या पैशातून भरत होते. त्यांच्याच मेंटेनन्सवाल्याने सांगितलं की फर्नेसचं लायनिंग वर्षातून दोनदा बदलायचं ते एकदाच बदलतात. मग नापास माल वाढला आणि गिऱ्हाइकं गेली. आमचे ११ लाख अजून अडकलेत.

दादा, तुम्ही घेतलीत तर सप्लायरना आधी बोलवा आणि उधारीचे दिवस लेखी ठरवा. आम्हाला जास्त दिवसांचं वाईट वाटत नाही. न सांगता वाढवलेल्या दिवसांचं वाटतं.

हिशेबनीस_सयाजीगंज

यांनी लिहिलंय ते जपून ठेवा. बँकेत आम्ही हेच शोधायचो: नफा जागच्या जागी आणि देण्यांचे दिवस वाढताहेत, दुरुस्तीचा खर्च उतरतोय. म्हणजे हप्ता कमाईतून जात नाही, कंपनीच्या अंगातून जातोय. मोठ्या नावांचंही हेच झालं. अमेरिकेतली टॉयज आर अस ही खेळण्यांची दुकानं २००५ साली ६६० कोटी डॉलरला अशीच कर्जावर घेतली गेली. पुढे वर्षाला ४० कोटी डॉलरच्या आसपास फक्त व्याज जात होतं. दुकानं सुधारायला आणि ऑनलाइन विक्री उभी करायला पैसा उरेना. सप्टेंबर २०१७ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतली दुकानं बंद झाली.

आता तुमचं मोठं गिऱ्हाईक. समजा त्याने खरेदी कमी केली आणि तुमची विक्री १५ टक्के उतरली, म्हणजे ६ कोटी. ३५ टक्क्यांनी २ कोटी १० लाख कमाई गेली, ३ कोटी ९० राहिली. कर आपोआप कमी होऊन ६३ लाखांवर येईल. सीसीचं व्याज आणि दुरुस्ती तेवढीच. उरतात २ कोटी ७ लाख आणि हप्ता सव्वादोन कोटी. गंमत बघा, पहिल्या वर्षी हे दिसतच नाही. विक्री कमी झाली की जुनी येणी वसूल होतात, नवी तेवढी तयार होत नाहीत, आणि खात्यात उलट पैसा दिसतो. माणूस बेसावध राहतो आणि दुसऱ्या वर्षी हप्ता अडतो. म्हणून सहा महिन्यांच्या हप्त्याइतकी रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवीत ठेवा. ती तुमच्या ९ कोटींतूनच काढावी लागेल.

माई_सूरसागर

मग घर विकायचं की नाही, ते कोणी सांगा ना याला.

हिशेबनीस_सयाजीगंज

माई, ते आम्ही नाही सांगू शकत. यांच्या घरच्यांचं आहे ते.

फोर्जवाला_मकरपुरा

परवा शेठकडे हाच हिशेब घेऊन गेलो. १० कोटी कर्ज, ९ आमचे, बाकीचे शेठना हळूहळू, असं मांडलं. हप्ता जाऊन ९० लाख उरतात. व्याजाची वजावट मिळाली तर १ कोटी २० लाख. सात वर्षांनी हप्ता संपेल हे धरलं तरी ११ कोटी फेडायला आठ वर्षांच्या वर लागतील. शेठ शांतपणे म्हणाले, "तोवर मी असेन का रे?" मला उत्तर सुचलं नाही. किंमत २७ वर आणायला ते तयार आहेत, पण सातआठ कोटी थकीत ठेवायला नाहीत. चार म्हणतात. म्हणजे सहा महिन्यांच्या हप्त्याची ठेव न धरताही अजून चार कोटींची फट आहे. चौथा भागीदार घ्यायचा का, असा विचार चाललाय.

एमएसयू_कॉमर्स

शेठनी २० टक्के शेअर स्वतःकडे ठेवले तर? त्यांना आज पैसे कमी मिळतील, पण पुढच्या वाढीत हिस्सा राहील.

हिशेबनीस_सयाजीगंज

चांगली सूचना, पण मग जुनी कंपनी पूर्ण मालकीची राहत नाही. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा वेळी विलीनीकरणाची ती छोटी वाट तशी मिळत नसे, आता तुमच्या बाबतीत मिळते का ते सीएला विचारा. शेठना नव्या कंपनीतच शेअर देता येतील, त्यातल्या कराचं सीएला विचारा.

एक विचारायचं राहिलं. प्लॉट कोणाच्या नावावर आहे?

फोर्जवाला_मकरपुरा

जीआयडीसीची लीज शेठ आणि त्यांच्या भावाच्या नावावर आहे. कंपनी त्यांना महिना २ लाख भाडं देते. फार जुनं भाडं आहे.

हिशेबनीस_सयाजीगंज

मग ३० काय किंवा २७ काय, त्यात जमीन नाहीच. शेठ आहेत तोवर दोन लाख. उद्या भावाने किंवा मुलांनी चालू दराने मागितले तर? सहा लाख धरले तरी वर्षाला ४८ लाख जास्त. करात बारा परत मिळाले तरी रोकड ३६ लाखांनी घटते. म्हणजे ३ कोटी १५ चे २ कोटी ७९ झाले आणि तुमचं १.४ पट सव्वा पटीच्या खाली आलं. किमतीचं बोलणं तिथेच थांबवा. आधी निदान कर्जाच्या मुदतीइतका नोंदणीकृत भाडेकरार मागा, दरवाढ त्यातच लिहून घ्या, दोघा भावांच्या सह्या घ्या. असा करार लीजच्या अटींत बसतो का हेही जीआयडीसीच्या कार्यालयात आधी विचारा.

फोर्जवाला_मकरपुरा

हे डोक्यातच आलं नव्हतं, रोज त्याच प्लॉटवर उभा असतो तरी. भाऊ अहमदाबादला असतात, मी त्यांना दोनदाच भेटलोय. सोमवारी शेठना घेऊनच जातो. आल्यावर इथे लिहीन.